नवरात्रात ‘पित्त’ का उसळतं: नऊ दिवसांच्या उपवासाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

घटस्थापनेच्या संध्याकाळी पहिले फोन येतात ते डोकेदुखीचे. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात ते छातीत जळजळ होणारे. बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला माझा लहानसा दवाखाना आहे आणि नवरात्रातला हा क्रम बरीच वर्षं चुकलेला नाही. दोघांची तक्रार मात्र एकाच शब्दात येते: “डॉक्टर, पित्त झालंय.”

सगळा घोटाळा या शब्दातच आहे. आपण डोकं दुखलं तरी पित्त म्हणतो, आंबट ढेकर आली तरी पित्त म्हणतो आणि पिवळी उलटी झाली तरी पित्तच. खरं तर ती पिवळी उलटी यकृतातून आलेल्या पित्तरसाची असते, आंबट पाणी जठरातल्या आम्लाचं असतं आणि उपवासातल्या डोकेदुखीचा बहुतेक वेळा या दोन्हींशी संबंध नसतो. पण शब्द एक म्हणून गोळीही एकच घेतली जाते. मग डोकेदुखीवर पित्ताची गोळी खाणारा दिवसभर कण्हत राहतो, आणि जळजळीच्या पोटावर डोकेदुखीची गोळी टाकणारा जास्तच बिघडतो.

इथे फक्त एका प्रकारच्या उपवासाबद्दल लिहितो आहे. शारदीय नवरात्राचे नऊ दिवस, दिवसातून एक किंवा दोन वेळा फराळ, पाणी चालतं आणि रात्री गरबा. हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासाचं गणित वेगळं आहे. ते इथे लावू नका.

## आधी एवढं समजून घ्या

जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करतं. जेवलात तर जास्त आणि नाही जेवलात तर कमी, पण पूर्ण थांबत मात्र नाही. शिवाय अन्न प्रत्यक्ष पोटात जाण्याआधीच, नुसत्या वासाने, विचाराने किंवा घासभर चाखण्यानेही आम्ल सुटू लागतं. स्वतः उपाशी राहून घरच्यांसाठी साबुदाणा वडे तळणाऱ्या बाईला दुपारी चारला जळजळ का होते, त्याचं हे अर्ध उत्तर.

एरवी अन्न या आम्लाशी मिसळून त्याची धार बोथट करतं. पोट रिकामं असताना थोडंसं आम्लही तीव्र राहतं. तरी जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो, त्यामुळे निरोगी पोट काही तासांच्या उपासाने भाजून निघत नाही. अन्ननलिकेला असं संरक्षण नाही. म्हणून आम्ल जठरात असेपर्यंत बहुतेकांना काही कळत नाही. ते वर चढलं की जळजळ होते. आणि ते वर चढतं मुख्यतः गच्च भरलेल्या पोटामुळे, तळणामुळे आणि जेवून लगेच आडवं होण्यामुळे. म्हणजे “उपाशी राहिलो म्हणून ऍसिडिटी झाली” हे अर्धसत्य आहे. मला दिसणाऱ्या रुग्णांत गुन्हेगार बहुधा उपास नसतो, उपास सोडण्याची ती मध्यरात्रीची थाळी असते.

आणखी एक गोष्ट. रिकामं जठर साधारण दीड-दोन तासांनी एक जोरदार आकुंचन पावून उरलंसुरलं पुढे ढकलतं. ती गुरगुर म्हणजे ऍसिडिटी नव्हे. तसंच भुकेचं संप्रेरक रोजच्या जेवणाच्या वेळेला आपोआप वाढतं आणि खाल्लं नाही तरी काही वेळाने उतरतं. दुपारी साडेबाराला लागलेली कडाडून भूक दीडला विसरली जाते, ती याचमुळे.

तपासणी: पोट गुरगुरतंय किंवा खड्डा पडल्यासारखं वाटतंय, पण छातीच्या हाडामागे आग नाही आणि घशाशी आंबट येत नाही, तर ती भूक आहे. अर्धा तास थांबा, पाणी प्या, गोळी नको.

## टप्पा १: दहा दिवस आधी चहा उतरवा

पहिल्या दिवसाच्या डोकेदुखीचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण चहा आहे. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने तो एकदम बंद केला, की शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पुढचा दिवस-दीड दिवस चढत जातं आणि काहींना आठवडाभरही रेंगाळतं. घटस्थापनेच्या सकाळी सहाला चहा घेतला नाही, आदल्या संध्याकाळी पाचला शेवटचा घेतला होता, तर दुपारपर्यंत हिशेब बरोबर जुळतो.

म्हणून पितृपक्षाच्या मध्यापासूनच दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. पाचवरून चार, मग तीन, दोन, एक. आधी संध्याकाळचे कप सोडा, सकाळचा शेवटी. कप लहान करून संख्या तीच ठेवणारेही असतात. तेही चालेल, फक्त मोजमाप प्रामाणिक ठेवा.

ज्यांच्या घरी उपवासाला चहा चालतो त्यांची चूक उलटी असते. जेवण नाही म्हणून चहा वाढतो. रिकाम्या पोटी तीन-चार कप कडक चहा म्हणजे आम्लाला आवतण. यांना माझं सांगणं असं, की रोज एक किंवा दोन कप, तेही काहीतरी खाल्ल्यावर. थोडा चहा चालू राहिल्याने डोकं दुखत नाही, आणि खाल्ल्यावर घेतल्याने पोट जळत नाही.

## टप्पा २: औषधांची यादी घेऊन बसा

हे काम घटस्थापनेच्या आदल्या रात्री करायचं नाही. आठवडाभर आधी, आपल्या डॉक्टरांसमोर.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवण गृहीत धरून काम करतात. जेवण काढून घेतलं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. लांब उपासात त्या शरीरात किटोन वाढवू शकतात, आणि तेव्हा साखरेचा आकडा फार चढलेला दिसेलच असं नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर गरब्याच्या घामासोबत पाणी-मीठ दुपटीने जातं. गरोदर बाई, अल्सर होऊन गेलेला माणूस, मूत्रपिंडाचा रुग्ण यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नऊ दिवस धरूच नयेत. फलाहार करा, उठता-बसता करा. देवीच्या हिशेबात ते बसतं की नाही हे मला ठाऊक नाही, माझ्या हिशेबात बसतं.

आता पित्ताच्या गोळीबद्दल, कारण ती बहुतेक घरांत असते आणि बहुतेक घरांत चुकीच्या वेळी घेतली जाते. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना बंद करतात, पण चालू असलेल्या पंपांनाच. हे पंप जास्तीत जास्त चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास घ्यायची असते. उपवासात लोक सवयीने सकाळी सातला ती घेतात आणि पहिला घास संध्याकाळी सातला खातात. गोळीचा बराचसा जोर वाया जातो, आणि मग “यंदा गोळी लागूच पडत नाही” अशी तक्रार येते. उपवासात गोळीची वेळ फराळाला बांधा, घड्याळाला नाही.

इशारा: ही गोळी आधीपासून डॉक्टरांनी दिली असेल तरच. नऊ दिवस धकवण्यासाठी स्वतःहून सुरू करू नका.

## टप्पा ३: आदली रात्र

सर्वपित्रीला भरपेट वडे-खीर होते आणि “उद्यापासून उपास” म्हणून रात्री आणखी एकदा पोट भरलं जातं. याने दुसऱ्या दिवसाची बेगमी होत नाही. यकृतात साठलेली साखर साधारण एका दिवसात संपतेच, रात्री चार पोळ्या जास्त खाल्ल्या म्हणून ती दोन दिवस पुरत नाही. उलट पहिल्याच सकाळी आंबट ढेकरा सुरू होतात. आदल्या रात्री आठच्या आत साधं वरण-भात-भाजी आणि वेळेवर झोप, एवढंच.

## टप्पा ४: फराळाची वेळ गरब्याच्या आधी

सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

बडोद्यातली नेहमीची रात्र पाहा. संध्याकाळी आरती, मग आवराआवर, नऊनंतर मैदान, मध्यरात्रीपर्यंत गरबा, घरी यायला पाऊण-एक. तेव्हा दिवसभराची भूक, उभ्या उभ्या खिचडी, वडे, बटाट्याची भाजी, वर चहा. दीडला अंथरुणावर.

आता त्याच वेळी पोटात काय चाललेलं असतं ते बघा. उपाशीपोटी सुटणारं आम्ल दिवसभर सारखं नसतं. ते संध्याकाळनंतर वाढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चढलेलं असतं. त्यावर एकदम मोठी थाळी पडली की जठर ताणलं जातं, आणि ताणलेल्या जठराचा वरचा दरवाजा, म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप, वारंवार सैल पडते. तेलामुळे ती आणखी ढिली होते आणि जठर रिकामं व्हायलाही उशीर लागतो. साधं जेवण तीन-चार तासांत पुढे सरकतं, तळलेलं त्याहून रेंगाळतं. त्यात आपण आडवे. आम्लाला वर चढायला आता चढणच उरत नाही.

म्हणून मुख्य फराळ संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान घ्या. या दिवसांत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो, त्यामुळे नक्त करणाऱ्यांनाही दिवेलागणीनंतर जेवल्यासारखंच होतं. मधे दोन तास मिळतात आणि गरब्यात पोट हलकं राहतं. घरी आल्यावर भूक असेल तर एक केळं किंवा अर्धा कप दूध, बस.

एकदाच खाणार असाल तर त्या एका वेळचं दोन भागांत वाढून घ्या. आधी भगर-ताक, मग वीस मिनिटांनी उरलेलं. दिवसभराच्या भुकेने पहिल्या पाच मिनिटांत किती जातं याचा अंदाज कोणालाच नसतो.

तपासणी: जेवण संपल्याची वेळ आणि अंथरुणावर पडल्याची वेळ लिहून ठेवा. दोहोंत तीन तासांहून कमी अंतर असेल, तर पहाटेच्या जळजळीचं कारण शोधायला दुसरीकडे जाऊ नका.

## टप्पा ५: ताटात काय

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नाही, पण तो एकटा पोट फार काळ धरून ठेवत नाही. खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप सढळ हाताने गेलं की पचायला जड होतो, आणि वडा म्हटलं तर तेलच. रोजच्या मुख्य ताटाला मी भगर सांगतो (शेजारचे गुजराती तिला मोरैयो म्हणतात). एक वाटी शिजलेली भगर, वाटीभर ताजं, आंबट न झालेलं दही किंवा ताक, लाल भोपळ्याची किंवा उकडलेल्या रताळ्याची भाजी, काकडी. राजगिऱ्याची पुरी करण्यापेक्षा थालीपीठ करा. तेल चमचाभर लागतं, वाटीभर नाही.

हिरवी मिरची झेपते त्यांना झेपते, पण जळजळ सुरू झालेल्या घशाला ती चटका देते. रिकाम्या पोटी अननस किंवा मोसंबीचा रस हीच चूक. केळं, पपई, चिकू चालतात.

आणि फराळी चेवड्याचं पाकीट दिवसभर हाताशी ठेवू नका. मूठ मूठ खाल्लेलं मोजलं जात नाही, त्यातलं तेल मात्र पोट मोजतं.

थंड दुधाबद्दल दरवर्षी विचारतात. अर्धा कप दूध जळजळ तात्पुरती शमवतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात, म्हणून तासाभराने ती परतते आणि माणूस पुन्हा दूध पितो. एकदा घ्या, रात्रभराचा इलाज समजू नका. खाण्याच्या सोड्याचंही तसंच. आराम लगेच, पण पोटात वायू होतो आणि मीठ शरीरात जातं. रक्तदाब असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

## टप्पा ६: पाणी आणि मीठ

उपाशी शरीरात इन्सुलिन खाली येतं आणि मूत्रपिंड मीठ सोडू लागतात, त्यासोबत पाणीही. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन भराभर उतरतं ते मुख्यतः हे. त्यात एरवी जेवणातून मिळणारं पाणी बंद, आणि आश्विनातल्या उकाड्यात तीन तास गरब्याचा घाम. संध्याकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आणि कपाळ जड, याचं कारण बहुधा इथे असतं.

दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, घोट घोट. गरब्याला निघण्याआधी सैंधव घातलेलं ग्लासभर ताक आणि आल्यावर आणखी एक ग्लास पाणी. सैंधव हेही मीठच आहे. उपवासाचं म्हणून रक्तदाबाला ते माफ नसतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असेल, तर तेच पाळा.

तपासणी: दुपारी चारला लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा ठीक, सरबतासारखा गडद असेल तर गरब्याआधी दोन ग्लास पाणी कमी पडलंय.

## टप्पा ७: तरीही दुखलंच तर, आधी ओळखा

डोक्याचं दुखणं चार तऱ्हांचं येतं. चहाचं असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी, सगळं डोकं जड, जांभया, चिडचिड. अर्ध्या कपाने तास-अर्ध्या तासात उतरतं. नुसत्या उपासाचं दुखणं आठ-दहा तास काही न खाल्ल्यावर, बहुधा कपाळावर, ठणका नसलेलं, आणि फराळानंतर निवळतं. अर्धशिशी एका बाजूला ठणकते, उजेड सोसत नाही, मळमळतं. जागरण आणि उपास ही तिची जुनी निमित्तं आहेत आणि तिला पूर्वीपासून लिहून दिलेलं औषध लागतं. चौथं सगळ्यात महत्त्वाचं: डोक्याबरोबर हातापायाला कंप, थंड घाम, बोलण्यात गोंधळ. मधुमेह्याने तिथेच साखर मोजायची. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, लगेच. उपास त्या क्षणी संपला.

गोळी घ्यावीच लागली तर फराळानंतर पॅरासिटॅमॉल ५०० ची एक. यकृताचा आजार असलेल्यांनी तीही विचारून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ऍस्पिरिन यांची दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी नको. या गोळ्या जठराच्या अस्तराचं ते संरक्षणच कमी करतात. अनेक ‘डोकेदुखीच्या’ गोळ्यांत यांपैकी एक मिसळलेली असते, पाकिटाच्या मागचं नाव वाचा.

रात्री जळजळ झाली तर उठून बसा, दोन घोट पाणी, मग डाव्या कुशीवर. रोज होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच उंची द्या. उशांवर उशा रचल्याने पोट दुमडतं आणि उलटंच होतं.

इशारा: छातीतलं दुखणं दाबल्यासारखं असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात जात असेल, चालताना वाढत असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. काळी डांबरासारखी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक कमालीची डोकेदुखी, यांनाही हेच लागू.

## एक उदाहरण, दोन नवरात्रांचं

दांडिया बाजारातल्या एक शिक्षिका, वय चव्वेचाळीस, मधुमेह-रक्तदाब काही नाही. एरवी रोज पाच कप चहा. पहिल्या वर्षी घटस्थापनेला चहा पूर्ण बंद. दुपारी तीनला डोकं धरलं. आठला रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी. रात्री पाऊणला साबुदाणा वडे आणि खिचडी, दीडला झोप. पहाटे चारला घशाशी आंबट पाणी येऊन खोकत उठल्या. दुसऱ्या दिवशी हेच, गोळ्या दोन. तिसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर होत्या, पोटाच्या वरच्या भागात दाबलं की दुखत होतं. घरी निदान झालेलं होतं: “उपास सोसत नाही.”

आम्ही त्या गोळ्या बंद केल्या, दोन आठवड्यांसाठी फराळाआधी पित्ताची गोळी दिली आणि तो उपास चौथ्या दिवसापासून फलाहारावर आणला.

पुढच्या वर्षी त्या दहा दिवस आधी आल्या. चहा दोन दोन दिवसांनी उतरवला, सकाळचा एक कप दोन खजुरांनंतर चालू ठेवला. फराळ सव्वासातला, भगर आणि ताक. गरब्यानंतर फक्त केळं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं थोडं जड झालं, दोन ग्लास पाणी पिऊन फराळापर्यंत निभावलं. अष्टमीला नणंदेकडे रात्री साडेअकराला वड्यांचा आग्रह झाला, चार खाल्ले, आणि पहाटे तेच आंबट पाणी. बाकी आठ रात्री झोप लागली. उपास तोच होता.

## टप्पा ८: दसऱ्याची सकाळ

बडोद्यात दसऱ्याला फाफडा-जलेबीच्या रांगा लागतात आणि आपल्या घरी श्रीखंड-पुरी. नऊ दिवस हलकं खाल्लेल्या जठराला आता मोठा घास लवकर ताणतो. पारण्याला आधी वाटीभर मऊ भात-वरण-तूप किंवा मुगाची खिचडी घ्या. श्रीखंड दोन तासांनी, दोन चमचे. पुऱ्या दोन. फाफड्याबरोबरची तळलेली मिरची यंदा शेजाऱ्याच्या ताटात सरकवा. चहा सुटला असेल तर त्याच दिवशी पाच कपांवर परत जाऊ नका, आणि दुपारी जेवून लगेच पडायचं असेल तर आरामखुर्चीत पडा.